भेट

मराठीत ‘भेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दोन माणसं समोरासमोर येतात ती भेट, आणि एकाने दुसऱ्याच्या हातात ठेवलेली वस्तू तीही भेट. हिंदीतल्या ‘भेंट’चंही तसंच. एरवी यामुळे अडत नाही, कारण कोणता अर्थ घ्यायचा ते वाक्यच सांगतं. पण काही वर्षांपूर्वी वैद्यकीय नीतीवरची एक प्रशिक्षण-पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणताना मी याच शब्दावर अडले. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांकडे जातात त्या भेटींबद्दल एक परिच्छेद होता, ते नेतात त्या भेटींबद्दल पुढचा. मी दुसऱ्या ठिकाणी ‘भेटवस्तू’ केलं आणि पुढे गेले. मग त्या पुस्तिकेत ओझरता उल्लेख असलेला एक जुना शोधनिबंध मिळवून वाचला, आणि दोन अर्थांना वेगळं करण्याची आपली घाई चुकली की काय, असं वाटू लागलं.

निबंध १९९२ सालचा, अमेरिकेतला, ‘चेस्ट’ या नियतकालिकात आलेला. लेखक ऑर्लोव्स्की आणि वाटेस्का. त्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून परिसंवादांची आमंत्रणं आली होती. ठिकाणं उन्हाळी प्रदेशातली, सुट्टी घालवायला लोक जातात तशी. सगळा खर्च कंपनीचा. विषय अर्थातच कंपनीचं औषध. असे दोन परिसंवाद आणि दोन औषधं या दोघांनी अभ्यासासाठी निवडली. निबंधात औषधांची नावं नाहीत. एकाला ‘अ’, दुसऱ्याला ‘ब’ म्हणू.

निवड हुशारीची होती. दोन्ही औषधं फक्त शिरेतून देण्याची, म्हणजे इस्पितळात दाखल रुग्णालाच मिळणारी. त्यामुळे डॉक्टरांना ‘तुम्ही किती वेळा लिहून दिलंत?’ असं विचारावं लागत नव्हतं. इस्पितळाच्या औषधभांडारातून किती माल उचलला गेला, याची वहीच साक्षीदार होती. प्रत्येक परिसंवादाआधीचे २२ महिने आणि नंतरचे १७ महिने या वहीतले आकडे त्यांनी पाहिले. शिवाय प्रत्येक परिसंवादाला बोलावलेल्या दहा डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं, की या सहलीचा तुमच्या औषधं लिहिण्यावर परिणाम होईल का? बहुतेकांचं उत्तर, नाही होणार.

औषध ‘अ’ परिसंवादाआधी सरासरी ८१ नग वापरलं जात होतं, नंतर २७२. औषध ‘ब’ ३४ वरून ८७ वर गेलं. औषध नवं असेल तर त्याचा वापर सगळीकडेच वाढला असेल, ही शंका मलाही आली. लेखकांनाही आली होती. म्हणून त्यांनी त्याच काळातला देशभरातल्या पाचशेहून जास्त खाटांच्या इस्पितळांचा आणि मोठ्या वैद्यकीय केंद्रांचा वापर शेजारी मांडला. तिथलं चित्र असं नव्हतं. अर्थात हा एकाच इस्पितळाचा हिशेब आहे, औषधं दोनच, आणि भांडाराची वही कोणत्या डॉक्टरने काय लिहिलं ते सांगत नाही. वाढलेला वापर रुग्णांना अपायकारक होता की उपयोगी, हेही त्यातून कळत नाही. एवढ्या मर्यादा धरूनही ते ‘नाही होणार’ मनातून जात नाही.

ही माणसं खोटं बोलत नव्हती, असं मला वाटतं. खोटं असतं तर प्रश्न सोपा झाला असता. लबाड पकडायचे आणि काढून टाकायचे. २००१ साली स्टाइनमन आणि सहकाऱ्यांनी निवासी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले. तुमच्यावर प्रतिनिधींचा परिणाम होतो का? ६१ टक्के म्हणाले, होत नाही. इतर डॉक्टरांवर? तिथे ‘होत नाही’ म्हणणारे फक्त १६ टक्के उरले. म्हणजे हा परिणाम काय असतो ते डॉक्टरांना ठाऊक असतं, फक्त तो शेजारच्या खुर्चीतल्या माणसावर दिसतो.

एम. ए.ला तौलनिक साहित्य शिकताना मार्सेल मॉसचा देणगीवरचा १९२५चा निबंध वाचला होता. देणं, घेणं आणि परत करणं या तिन्हींची सक्ती असते, असं तो अनेक समाजांतली उदाहरणं घेऊन मांडतो. आहेर करणाऱ्या आणि तो वहीत लिहून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पण डॉक्टरांच्या बाबतीत या परतफेडीत एक मेख आहे. प्रतिनिधीला परत द्यावं असं डॉक्टरकडे काय असतं? त्याला डॉक्टरकडून शाल नको असते, जेवण नको असतं. परत देण्याजोगी एकच गोष्ट असते, ती म्हणजे चिठ्ठीवरची एक ओळ. आणि त्या ओळीचे पैसे तिसराच माणूस भरतो, जो या देवघेवीच्या वेळी बाहेर बाकावर नंबर लावून बसलेला असतो.

लहानपणी आमच्या घरचे डॉक्टरकाका मला पेनं द्यायचे. त्यांच्या टेबलावर औषधांच्या नावांची पेनं, पेपरवेट, कॅलेंडर, घड्याळ असं सगळं असे. ‘काका, हे लोक फुकट का देतात?’ असं मी एकदा विचारलं होतं. ते हसले. ‘अगं, दोन रुपयांच्या पेनाने कोण विकलं जातंय?’ ते खरोखर सचोटीचे होते. पैसे नसलेल्याला त्यांनी कधी परत पाठवलं नाही. म्हणूनच हे वाक्य माझ्या लक्षात राहिलं.

विकलं जाणं आणि कलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार, रोकड घ्यायला बंदी केली. माझ्या मते या नियमातली शहाणपणाची गोष्ट अशी, की त्यात मन कललं का हा प्रश्नच येत नाही. घेतलं का, एवढाच येतो. पण २०१६ साली शिक्षा ठरल्या त्या किमतीच्या पायऱ्यांनी. एक हजार ते पाच हजारांच्या भेटीला ताशेरे, त्याहून मोठीला काही महिने नोंदवहीतून नाव कमी, अशा चढत्या. त्याच वर्षी अमेरिकेत डीजाँग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळजवळ दोन लाख ऐंशी हजार डॉक्टर, आणि कंपनीने दिलेली जेवणं, सरासरी वीस डॉलरांच्या आतली. ज्या औषधाच्या प्रचारासाठी एकच जेवण झालं, ते महागडं औषध ती मंडळी इतरांपेक्षा जास्त लिहीत होती. जेवणामुळेच लिहीत होती असं हा अभ्यास सिद्ध करत नाही. ज्यांना औषध आधीच पसंत, तेच जेवायला गेले असतील. पण किमतीची पायरी लावून कल मोजता येईल, या समजाला तो धक्का देतोच.

घेणाऱ्याला बंदी झाली, देणाऱ्याचं काय? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो आयकराच्या वाटेने. एपेक्स लॅबोरेटरीज या कंपनीने झिंकोविट या पूरक औषधाच्या प्रचारासाठी डॉक्टरांना सोन्याची नाणी, फ्रीज, टीव्ही, सहली असं दिलं होतं, आणि तो खर्च धंद्याचा म्हणून करातून वजावट मागितली. आयकर खात्याने १४ डिसेंबर २००९ ही रेघ धरली: नियम लागू होण्याआधीचा खर्च मान्य, नंतरचा नाही. कंपनीचं म्हणणं, परिषदेचा नियम डॉक्टरांना बांधतो, आम्हाला नाही. आमचं देणं बेकायदा कसं? २२ फेब्रुवारी २०२२च्या निकालात न्यायालयाने हे फेटाळलं. डॉक्टरला घेणं मना असेल तर त्याला देणंही त्याच व्यवहाराचा भाग आहे, आणि या वस्तूंची किंमत शेवटी औषधाच्या दरात मिसळून रुग्णाकडूनच वसूल होते.

पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम आलं तेव्हा मी तो परिच्छेद पुन्हा उघडला. ‘भेटवस्तू’मधली ‘वस्तू’ खोडली आणि दोन्ही ठिकाणी ‘भेट’ ठेवलं. संपादकांनी समासात विचारलं, ‘इथे कोणती भेट अभिप्रेत आहे?’