९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल : शोधनिबंधाच्या चर्चेत अर्थ कसा लिहावा?

अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या ‘फिजिशियन्स हेल्थ स्टडी’च्या अ‍ॅस्पिरिन भागाचा अंतिम अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या डॉक्टरांना एक दिवसाआड अ‍ॅस्पिरिन आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली होती. हृदयविकाराच्या झटक्याचा सापेक्ष धोका ०.५६ आला, म्हणजे अ‍ॅस्पिरिन गटात धोका ४४ टक्क्यांनी कमी. ९५ टक्के इंटरव्हल होता ०.४५ ते ०.७०.

‘खरा धोका ०.४५ ते ०.७० मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’ हे वाक्य चर्चा विभागात सर्रास लिहिले जाते, आणि ते चूक आहे. जेर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार खरे मूल्य स्थिर असते. बदलतो तो इंटरव्हल. जत्रेतल्या कडी फेकण्याच्या खेळात वस्तू जागची हलत नाही, कडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडते. तसाच अभ्यास पुन्हा पुन्हा केला, तर अशा पद्धतीने काढलेल्या इंटरव्हलपैकी सुमारे ९५ टक्के खऱ्या मूल्याला वेढतील. हातातल्या एका इंटरव्हलने त्याला वेढले असेल किंवा नसेल. त्या एकट्याबद्दल ९५ टक्के शक्यता सांगायची असेल तर बेझच्या पद्धतीने, आधीचे अंदाज गृहीत धरून, वेगळे गणित करावे लागते.

‘९५ टक्के डॉक्टरांचा धोका या मर्यादेत होता’ हे तर साफच चूक. इंटरव्हल सरासरी परिणामाचा असतो, व्यक्तींचा नव्हे.

अधिक घातक चूक पक्षाघाताच्या निकालावर होऊ शकते. त्याच अभ्यासात पक्षाघाताचा सापेक्ष धोका १.२२ आणि इंटरव्हल ०.९३ ते १.६० होता. यात १ हा आकडा येतो, म्हणून ‘अ‍ॅस्पिरिनचा पक्षाघाताच्या धोक्यावर परिणाम होत नाही’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण वरचे टोक पाहा : धोका ६० टक्क्यांनी वाढण्याशीही ही आकडेवारी विसंगत नाही. औषध घेणाऱ्याच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही.

मग लिहायचे कसे? उदाहरणार्थ :

‘अ‍ॅस्पिरिन गटात पक्षाघाताचा अंदाजित धोका २२ टक्के अधिक आढळला (९५ टक्के इंटरव्हल ०.९३ ते १.६०). ही आकडेवारी ७ टक्के घटीपासून ६० टक्के वाढीपर्यंतच्या परिणामांशी सुसंगत आहे. त्यामुळे धोका वाढतो असा निष्कर्ष काढता येत नाही आणि तो वाढत नाही असाही नाही.’

यातला ‘सुसंगत’ हा शब्द महत्त्वाचा. तो शक्यतेचा दावा करत नाही. मात्र ही सुसंगतीही गणितातील गृहीतके बरोबर असतील तरच टिकते. इंटरव्हल फक्त योगायोगाने येणारी चूक मोजतो. अभ्यासात केवळ पुरुष डॉक्टर होते, त्यामुळे निष्कर्ष स्त्रियांना लागू पडतो का, हा प्रश्न इंटरव्हल कितीही अरुंद असला तरी तसाच राहतो. तो चर्चेत वेगळ्या वाक्यात मांडावा लागतो.