वेबिनारची उपस्थितीमर्यादा

वेबिनारची उपस्थितीमर्यादा म्हणजे एकाच वेळी किती श्रोते कार्यक्रमात जोडलेले राहू शकतात ती संख्या. ही नोंदणीची मर्यादा नव्हे. या दोहोंत अनेकदा गल्लत होते. झूम वेबिनार्सच्या ५०० श्रोत्यांच्या योजनेत नोंदणी त्याहून अधिक घेता येते. आयोजकाला हवी असल्यास नोंदणीवर वेगळी मर्यादा घालता येते. वक्ते व पॅनेलिस्ट या ५०० मध्ये धरले जात नाहीत.

समजा, भिवंडीतील कामतघर येथे यंत्रमागधारकांसाठी वस्तू व सेवा कराविषयी वेबिनार ठेवला आणि ९०० जणांनी नोंदणी केली. प्रत्यक्षात ४३० आले, तर अडचण नाही. एकाच वेळी ५६० आले, तर शेवटच्या ६० जणांना प्रवेश मिळत नाही, मग त्यांनी नोंदणी सर्वांत आधी केलेली असो. येथे नोंदणीचा क्रम नव्हे, तर येण्याचा क्रम चालतो. कोणी बाहेर पडल्यास जागा मोकळी होते. त्यामुळे एकूण उपस्थिती ५०० हून अधिकही भरते. मर्यादा गाठली गेली का, हे अहवालातील Max Concurrent Views या आकड्यावरून कळते. Unique Viewers हा आकडा त्यासाठी उपयोगी नाही.

प्रवेश हुकलेल्यांसाठी ध्वनिचित्रमुद्रण उपलब्ध ठेवता येते. झूममध्ये त्यासाठी नोंदणी अनिवार्य करून On-demand पर्याय आधीच निवडता येतो. मुद्रण पाहणाऱ्यांना उपस्थितीमर्यादा लागू होत नाही. तेथे मेघ-साठवणुकीची जागा पाहावी लागते.