निमुळत्या भांड्यातला वेळ

कॅल्क्युलस शिकलेल्या प्रत्येकाला शंकूच्या आकाराची एक टाकी भेटलेली असते. टोक खाली, तोंड वर, आणि वरून एकाच वेगाने पाणी पडतंय. प्रश्न: पातळी अमुक उंचीवर असताना किती वेगाने चढते आहे? मला तेव्हा वाटायचं, अशी टाकी बांधतो कोण? सरळ पिंप का नाही?

बांधणारे होते! इजिप्तमध्ये कर्नाकच्या देवळात १९०४ साली अलाबास्टर दगडाचं एक भांडं सापडलं. ते इ.स.पूर्व १४व्या शतकातलं, तिसऱ्या आमेनहोतेप राजाच्या काळातलं. वर रुंद, खाली निमुळतं, तळाशी बारीक भोक. हे रात्रीचं घड्याळ. भरून ठेवायचं आणि पातळी किती उतरली ते आतल्या खुणांवर बघायचं. रात्री वर्षभर लहानमोठ्या होतात, म्हणून बारा महिन्यांसाठी खुणांच्या बारा रांगा.

पुढे इ.स.च्या तिसऱ्या शतकातल्या, ऑक्सिऱ्हिंकस गावी मिळालेल्या एका पपायरसमध्ये अशा घड्याळाची मापंच दिली आहेत: वरचा व्यास २४ अंगुळं, खालचा १२, उंची १८. आपलं गणित याच भांड्यावर करू.

भांड्याच्या तिरक्या भिंती मनातल्या मनात खाली वाढवा. १८ अंगुळांत व्यास निम्मा होतो, म्हणजे आणखी १८ अंगुळं खाली त्या एका बिंदूत मिळतील. त्या टोकापासून उंची h मोजू. तोंडाशी h = 36 आणि त्रिज्या 12. मधल्या कुठल्याही पातळीला तयार होणारा त्रिकोण या मोठ्या त्रिकोणाशी समरूप, म्हणून r = h/3. समरूप त्रिकोणांचं काम एवढंच: दोन बदलत्या राशींमधली एक काढून टाकणं. आता

```
V = (1/3)·π·r²·h = π·h³/27
dV/dt = (π·h²/9)·dh/dt
```

(V मध्ये खालचं काल्पनिक टोकही धरलंय. ते बदलत नाही, त्यामुळे dV/dt ला फरक पडत नाही.)

तळाचं भोक बुजवून वरून मिनिटाला 36π, म्हणजे साधारण ११३ घन अंगुळं पाणी सोडलं असं धरू. तळाशी h = 18, म्हणून पातळी मिनिटाला १ अंगूळ चढते. मध्यावर h = 27, वेग ०.४४. काठाशी फक्त ०.२५. धार तीच, वेग चौथाई.

इथे नेहमीची चूक म्हणजे r = 12 हे आधीच सूत्रात घालून मग डेरिव्हेटिव्ह घेणं. मग काठाशी उत्तर ०.७५ येतं, बरोबर तिप्पट. चूक पकडायची युक्ती सोपी आहे: πh²/9 म्हणजे πr², म्हणजेच त्या क्षणी दिसणाऱ्या पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. येणाऱ्या पाण्याला त्याने भागलं की वेग मिळालाच पाहिजे. 36π ला 144π ने भागा, ०.२५. जुळलं.

आता भोक उघडा. तोरिचेल्लीने १६४४ साली छापलेल्या नियमाप्रमाणे बाहेर पडणाऱ्या धारेचा वेग पाण्याच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सरळ पिंपात खोली १८ वरून १ अंगुळावर आली की पातळी उतरण्याचा वेग सुरुवातीच्या २४ टक्क्यांवर येतो. आपल्या भांड्यात मात्र धार मंदावते तसा पृष्ठभागही आक्रसतो. सुरुवातीचा वेग १ धरला, तर खोली ९ असताना १.२६, ६ असताना १.३० (हा सर्वांत जास्त), आणि १ असताना ०.८५. तंतोतंत समान नाही, पण पिंपाच्या तुलनेत कितीतरी बरं! भांडं निमुळतं ठेवण्याचा फायदा हा. अर्थात त्याच्याही पुढे, शेवटच्या अंगुळात, वेग शून्याकडे जातोच. शिवाय थंडीत पाणी दाट होतं आणि बारीक भोकातून हळू वाहतं, त्याला आकाराचा इलाज नाही.

आपल्याकडच्या घटिकापात्राला ही भानगडच नव्हती. लग्नमुहूर्ताला तरंगत ठेवलेली ती भोकाची वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. मधल्या खुणा वाचायच्याच नाहीत, तर पातळी कुठे किती वेगाने चढली याच्याशी काय देणंघेणं? अर्ध्या घटकेची खूण करायची म्हटली असती, तर मात्र वाटीचा आकार आडवा आला असता.

न्यूटनने १६७१च्या सुमारास बदलत्या राशींना ‘वाहणाऱ्या’ म्हटलं. असे वेग शोधण्याची गणितं विद्यार्थ्यांसाठी मुबलक रचली ती लंडनच्या विल्यम रिची या प्राध्यापकाने, १८३६च्या पुस्तकात. इजिप्तच्या कारागिराकडे यातलं काहीच नव्हतं. पण पातळीचा वेग नुसत्या धारेवर नाही, त्या उंचीवरच्या रुंदीवरही ठरतो, हे त्याच्या भांड्यात उतरलं होतं. आता कुणी विचारलं की अशी टाकी बांधतो कोण, तर माझ्याकडे उत्तर आहे :-)