वाक्याचा चकवा

हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात सहज कानावर पडावं असं एक वाक्य आम्ही रचलं आहे. पुढचे शब्द कागदानं झाकून ते एकेक शब्द उघडत वाचून पहा.

'व्यापाऱ्यानं शेतकऱ्याला फसवणाऱ्या दलालाला पकडून दिलं.'

पहिले दोन शब्द वाचताच मनात एक जुळणी होते. व्यापारी कर्ता, शेतकरी कर्म, आता क्रियापद येणार. 'फसव' एवढी अक्षरं दिसेपर्यंत ती पक्कीच होत जाते आणि 'णाऱ्या' दिसताच मोडते. 'शेतकऱ्याला' हा शब्द मुख्य वाक्यातून काढून 'फसवणाऱ्या'ला जोडावा लागतो. फसवणारा दलाल आहे. व्यापाऱ्यानं उलट त्याला पकडून दिलं. रानात चकवा लागावा तसं हे वाक्य आपल्याला आधी आडवाटेला नेतं.

अशा वाक्यांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते मुख्यतः १९७० साली, थॉमस बेव्हर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या एका इंग्रजी उदाहरणामुळे. त्यातला घोडा धान्याच्या कोठारापुढून धावत जातो असं वाटतं आणि शेवटी आणखी एक क्रियापद येऊन उभं राहतं. यावरून एक गोष्ट उघड झाली. आपण वाक्य संपायची वाट पाहत नाही. प्रत्येक शब्द आला की लगेच त्याला जागा देतो. पण जागा चुकली हे कळल्यावर मन काय करतं? ते नुसतं विचारून समजत नव्हतं.

उत्तराचं साधन मात्र जुनंच होतं. वाचताना नजर ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारते, हे पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९च्या सुमारास लक्षात आलं होतं. नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते आणि पुढे उडी घेते. मधूनमधून ती मागेही जाते. पुढे डोळ्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून हे थांबे अचूक नोंदवणारी यंत्रं आली.

१९८२ साली लिन फ्रेझिअर आणि कीथ रेनर यांनी चकवा देणारी इंग्रजी वाक्यं वाचणाऱ्यांच्या नजरेच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांच्यापुढे तीन शक्यता होत्या. आपल्या वाक्याच्या भाषेत सांगायचं तर, 'फसवणाऱ्या'पाशी अडलेला वाचक एक तर 'व्यापाऱ्यानं'पासून पुन्हा सुरुवात करील. किंवा एकेक शब्द मागे सरकत चूक शोधील. किंवा जिथे जोडणी चुकली त्या 'शेतकऱ्याला'वर नेमकी उडी घेईल. त्यांच्या नोंदींत चूक उघड करणाऱ्या शब्दावर नजर जास्त वेळ थांबली. पुष्कळदा ती मागे गेली, आणि तीही बहुधा संदिग्ध भागाकडेच. म्हणजे दुरुस्ती आंधळी नव्हती. मात्र २००८ साली डॉन मिचेल आणि सहकाऱ्यांनी एक शंका मांडली: नजर मागे जाते ती काही वेळा फक्त सवड मिळवण्यासाठी असेल. डोळा कुठे आहे यावरून मन कुठे आहे हे दर वेळी सांगता येत नाही.

मराठीसारखी क्रियापद शेवटी ठेवणारी आपली शेजारीण हिंदी. अलाहाबाद विद्यापीठात ३० वाचकांनी १५३ हिंदी वाक्यं वाचली. त्यांच्या नजरेच्या नोंदींचा अभ्यास समर हुसैन, श्रवण वशिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी २०१५च्या सुमारास प्रसिद्ध केला. येणार अशी अपेक्षा असलेले पण अजून न आलेले शब्द मनात जितके जास्त साठतात, तितका वाचनाचा एकूण वेळ वाढतो, असं त्यात दिसलं. आपल्या वाक्यातही 'फसवणाऱ्या'नंतर दोन शब्दांची वाट पाहावी लागते: फसवणारा कोण, आणि व्यापाऱ्यानं काय केलं.

शिक्षकांच्या कामाची गोष्ट २००१ सालची आहे. कील क्रिस्टियानसन आणि सहकाऱ्यांनी एक इंग्रजी वाक्य दिलं. त्याचा खरा अर्थ असा: ॲना स्वतः कपडे घालत होती तेव्हा बाळ पाळण्यात खेळत होतं. पण त्यातले शब्द असे लागून येतात की ॲना बाळाला कपडे घालते आहे असं आधी वाटतं. बाळ खेळत होतं हे वाचकांनी बरोबर सांगितलं. तरीही ॲनानं बाळाला कपडे घातले का, या प्रश्नाला अनेकांनी 'हो' म्हटलं. नवी जोडणी झाली, पण जुनीही पुसली गेली नव्हती.

तेव्हा आपलं वाक्य वर्गात द्या आणि दोन प्रश्न विचारा: कोणाला पकडून दिलं? शेतकऱ्याला कोणी फसवलं? पहिल्याचं उत्तर बरोबर देणारा मुलगा दुसऱ्याला 'व्यापाऱ्यानं' म्हणाला, तर त्यानं नीट वाचलं नाही असं लगेच समजू नका. त्यानं शब्दामागून शब्द वाचला, आणि पहिला अर्थ मनात उरला. मग हेच वाक्य असं लिहून द्या: 'शेतकऱ्याला फसवणाऱ्या दलालाला व्यापाऱ्यानं पकडून दिलं.' आणि तेच दोन प्रश्न पुन्हा विचारा. उत्तर आता बदललं, तर अडचण मुलाच्या समजेत नव्हती, शब्दांच्या क्रमात होती.