होता-होत्यांचा उंबरठा

दिवाळी अंकासाठी कथा लिहू लागले की तिच्यात कुणाला तरी जुने दिवस आठवतातच. फराळाचा वास आला, उटण्याची वाटी पुढे आली, की माणूस वीस वर्षे मागे जातो. अशीच एक कथा मी पूर्वी एका अंकाला पाठवली होती. ती परत आली. संपादकांनी एका पानावरचे सगळे ‘होता’, ‘होती’, ‘होते’ तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केले होते आणि समासात लिहिले होते : “मास्तर, एवढ्या होत्यांत तुमची बाई कुठे उभी आहे ते कळत नाही.” मुलांना वीस वर्षे व्याकरण शिकवणारा मी! राग आला. पण राग ओसरल्यावर मी शोध घेऊ लागलो की पूर्वीचे कथाकार मागे कसे जात आणि परत कसे येत.

पहिला धडा मिळाला तो ग्रीकांच्या महाकवीकडून. होमरच्या ‘ओडिसी’च्या एकोणिसाव्या सर्गात ओडिसियस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्या घरी परततो. म्हातारी दाई त्याचे पाय धुते आणि गुडघ्याच्या वरचा जुना व्रण तिच्या हाताला लागतो. आता ती ओळखणार, असे वाटते न वाटते तोच कवी आपल्याला ओडिसियसच्या तरुणपणी, पार्नासस डोंगरावरच्या रानडुकराच्या शिकारीला घेऊन जातो. सुमारे ७५ ओळी आपण तिकडेच असतो. गंमत अशी की तिथे आपल्या ‘गेला होता’सारख्या रूपांची रांग नाही. ‘एकदा’ अशा अर्थाचा एक छोटा शब्द येतो आणि पुढची शिकार साध्या भूतकाळात धावते. आणि परतीची वाट? म्हातारीच्या हातून पाय सुटतो, तो तांब्याच्या घंगाळात पडतो, घंगाळ वाजते, पाणी सांडते. त्या आवाजासरशी आपण पुन्हा घरात असतो.

आपल्याकडेही पाहा. पाणिनीने भूतकाळाचे भेद सांगितले ते आजचे की आजच्या आधीचे, बोलणाऱ्याच्या डोळ्यांदेखतचे की परोक्ष, अशा कसोट्यांवर. ‘भूतकाळाच्याही आधीचे’ एवढ्यासाठी निराळा लकार त्यात नाही. तरीही वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात तेव्हा श्रोता गोंधळत नाही, कारण कोण कुणाला कधीची गोष्ट सांगतो आहे, हे आधीच सांगून झालेले असते. मागे जायला दार लागते आणि परत यायलाही दार लागते. दोन दारांमधल्या खोलीत मात्र माणसाने मोकळेपणी वावरावे, हीच जुनी रीत.

मराठीला ‘गेला होता’ हे सोयीचे रूप मिळाले आहे, पण त्यात एक फसगत आहे. शाळेत आपण सांगतो की ‘गेला’ हा साधा भूतकाळ आणि ‘गेला होता’ हा पूर्ण भूतकाळ, म्हणजे दुसऱ्या गोष्टीच्या आधी संपलेले. ते खरेच आहे. पण ‘सुमी झोपली होती’ म्हटले की आपल्या मनात काय येते? सुमी त्या वेळी झोपेत होती, हे. ‘तिने हिरवे लुगडे नेसले होते’ म्हणजे ते तिच्या अंगावर होते. बसणे, निजणे, उभे राहणे, नेसणे अशा क्रियापदांपुढे ‘होता’ आला की तो बहुधा घडलेली गोष्ट सांगत नाही, त्या वेळची स्थिती सांगतो. एकाच शब्दाला अशी दोन कामे आहेत. म्हणूनच सगळी आठवण ‘होता’त लिहिली तर काय घडले आणि काय आधीपासून तसेच होते, हे वेगळे करता येत नाही.

माझ्या परत आलेल्या कथेतला मजकूर असा होता :

“काशीबाईंनी उटण्याची वाटी खाली ठेवली. बारा वर्षांपूर्वी याच पहाटे दामू घर सोडून गेला होता. आदल्या रात्री बापलेकांचे भांडण झाले होते. दामूने ट्रंक उचलली होती. काशीबाई दाराशी उभ्या राहिल्या होत्या. तो अंगणात उतरला होता. सुमी झोपली होती. त्याने मागे वळून पाहिले नव्हते.”

आता सांगा, काशीबाई दाराशी आधीपासून उभ्या होत्या, की मागून आल्या? आधीपासून असतील तर आईने वाट अडवली आणि मुलगा तिला ओलांडून गेला. मागून आल्या असतील तर तिला उशीर झाला, आणि बारा वर्षे तिला तोच उशीर सलतो आहे. माझी कथा या दुसऱ्या गोष्टीची होती आणि नेमकी तीच वाक्यांत दिसत नव्हती. संपादक बरोबर होते.

मग मी ते असे लिहिले :

“काशीबाईंनी उटण्याची वाटी खाली ठेवली. बारा वर्षांपूर्वी याच पहाटे दामू घर सोडून गेला होता. आदल्या रात्री बापलेकांचे भांडण झाले होते. उजाडण्याआधीच दामूने ट्रंक उचलली. कडी वाजली तशा काशीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. तोवर तो अंगणात उतरला होता. सुमी झोपली होती. तिला कुणी उठवले नाही. दामूने मागे वळून पाहिले नाही. त्यानंतर बारा वर्षांत त्याचे एक पत्रही आले नव्हते. वाटीतले उटणे सुकू लागले. काशीबाईंनी त्यात चमचाभर तेल घातले.”

पहिले दोन ‘होता’ म्हणजे आत जाण्याचे दार. ट्रंक उचलली त्या क्षणी आपण त्या पहाटेत पोहोचलो, म्हणून तिथे ‘होता’ सोडला. सोडला म्हणूनच ‘तोवर उतरला होता’ यातला ‘होता’ पुन्हा कामाचा झाला; काशीबाईंचा उशीर तो एकटाच सांगतो. ‘पत्र आले नव्हते’ हे परतीचे दार, आणि उटण्याची वाटी हे आमचे घंगाळ.

याला मर्यादाही आहेत. आठवण दोनतीन वाक्यांचीच असेल तर ‘होता’ शेवटपर्यंत राहू द्यावा. एवढ्यासाठी बिऱ्हाड हलवण्यात अर्थ नाही. आठवणीच्या आत आणखी एक आठवण निघाली तर त्या आतल्या दाराशी ‘होता’ पुन्हा हवा. नेहमीची गोष्ट सांगायची असेल तर ‘दामू रोज विहिरीवर जाई’ हे ‘जाई’ पुरते. आणि सगळी कथाच आठवण असेल तर दर वाक्याला होत्याचे कारणच नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही ‘करमणूक’मध्ये १८९० पासून क्रमशः आलेली कादंबरी पाहा. यमू स्वतःची हकीकत मागे वळून सांगते, हे एकदा कळले की वाचक तिच्याबरोबरच चालू लागतो.

ती कथा पुढे छापून आली. अंक घरी आला तेव्हा माझ्या आईने ती माझ्याकडून वाचवून घेतली. ‘तोवर तो अंगणात उतरला होता’ या वाक्याशी तिने मला थांबवले आणि विचारले, “अरे, तिला थोडी आधी जाग आली असती तर?”