बॅनरवरचा फोटो चिकटवल्यासारखा का दिसतो?
वाढदिवसाच्या बॅनरसाठी कापलेला फोटो अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रंधा धबधब्यासमोर ठेवला, की तो अनेकदा चिकटवल्यासारखा दिसतो. अशा वेळी कापलेली कड तपासा.

मूळ फोटो झूम करून शर्टाची कॉलर बघा. तिथे गडद रंगातून उजळ रंगात बदल एकदम होत नाही, काही पिक्सेलमध्ये होतो. कापलेली कडही तेवढीच मऊ हवी. कॉलरची कड 3 पिक्सेलमध्ये पसरली असेल, तर फोटोशॉपमध्ये `Select > Modify > Feather` मध्ये सुमारे 1 पिक्सेल द्या. फेदर न दिल्यास कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. 5 दिल्यास भोवती जुन्या पार्श्वभूमीची धूसर किनार उरते.

चेहरा स्पष्ट पण कोपर धूसर असेल, तर कोपराच्या कडेला जास्त फेदर लागतं. केस मात्र फेदरने जमत नाहीत, ते वेगळे निवडावे लागतात.