कोपर नक्की कुठंय?

परवा ऑफिसात ग्राहकांचे गट पाडत होतो. के-मीन्स चालवलं, एल्बो प्लॉट काढला आणि तिघांनी तीन ठिकाणी बोट ठेवलं. मी म्हणालो ३, शेजारचा ५, आणि मॅनेजर ४ (मधला मार्ग, दुसरं काय!). म्हटलं, हे कोपर मुळात आलं कुठून ते तरी बघू.

तर हे कोपर 'के-मीन्स' या नावापेक्षाही जुनं निघालं. ते नाव मॅकक्वीनने १९६७ मध्ये दिलं. पण गट वाढवत जायचे, गटाच्या आत किती अंतर उरतं त्याचा आलेख काढायचा आणि तो एकदम सपाट होतो तिथे थांबायचं, ही कल्पना रॉबर्ट थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९५३च्या लेखात आहे.

एकदम सपाट झाला तर ठीक. नाही झाला तर?

आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आयरिसचा डेटा घ्या. एडगर अँडरसनने मोजलेली, फिशरने १९३६ मध्ये वापरलेली १५० फुलं, ३ जाती. प्रत्येक फुलाचं गटाच्या मध्यापासूनचं अंतर, त्याचा वर्ग, मग सगळ्यांची बेरीज. एकच गट धरला तर ती ६८१ येते. २ गटांना १५२, ३ ला ७९, ४ ला ५७, ५ ला ४६. आलेख बघाल तर कोपर सरळ २ वर दिसतं. आता पहिला बिंदू हाताने झाका. कोपर ३ वर सरकलं! डेटा तोच, फक्त उभ्या अक्षाची पट्टी बदलली.

याहून वाईट गंमत म्हणजे चौरसात बिंदू सारखे पसरून टाका, एकही खरा गट नको. चौरसाचे ४ समान चौरस केले की बेरीज पाव होते, ९ केले की नववा हिस्सा. म्हणजे वक्र आधी झपकन उतरतो, मग लोळतो. कोपर आहेच, गट नाहीत.

२००१ मध्ये टिबशिरानी, वॉल्थर आणि हेस्टी यांनी यावर गॅप स्टॅटिस्टिक काढलं. असा बिनगटाचा खोटा डेटा बनवायचा आणि आपला वक्र त्याच्यापेक्षा किती खाली जातो ते बघायचं. मला हे पटतं, कारण तुलना नुसत्या नजरेशी राहत नाही.

पण आयरिसमध्ये गोंधळ खराच आहे. सेटोसा वेगळी पडते; व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका एकमेकींत मिसळतात. ३ गट सांगितले तरी के-मीन्स ५०, ६२, ३८ असे पाडतं आणि १६ फुलं चुकीच्या घरी जातात. सिल्हूट तर २ लाच कौल देतं (०.६८, ३ ला ०.५५). जाती ३ हे आपल्याला आधीच माहीत असतं म्हणून आपण ३ म्हणतो.

आमच्या ग्राहकांच्या जाती कुणी आधी सांगितलेल्या नव्हत्या. शेवटी अर्धा-अर्धा डेटा घेऊन पुन्हा पुन्हा गट पाडले. ५ च्या वेळी माणसं दर खेपेला घर बदलत होती, ४ लाही बरीच. ३ गट बहुतेक तेच राहिले. रिपोर्टात ३ लिहिले, शेजारी तो वाकडा आलेखही लावला. मॅनेजर अजून ४ वरच आहे :)